‘आधी काय लिहिलं होतंस?’

गेल्या वर्षी बकरी ईदच्या आधी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला एक प्रश्न विचारला गेला आणि माझ्याकडे त्याचं उत्तर असूनही मी ते दाखवू शकलो नाही. प्रश्न साधा होता: ‘तू आधी काय लिहिलं होतंस?’ तेव्हापासून व्हॉट्सॲपवरच्या `Edited` या बारीकशा शब्दाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. तुमच्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या ग्रुपचे ॲडमिन आहेत, बिल्डिंगच्या, कॉलेजच्या, मोहल्ल्याच्या ग्रुपवर लिहितात. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

मी दहिसर पूर्वेला राहतो. आमची बिल्डिंग मिश्र वस्तीची आहे. मुसलमानांची घरं मोजकीच, पण संबंध चांगले. दरवर्षी ईदच्या आधी कुर्बानीबद्दल थोडी कुजबुज होते, म्हणून आमच्या घरांनी मिळून ठरवलं की कुणी विचारायच्या आधी आपणच ग्रुपवर सांगून टाकायचं. २ जून २०२५ला रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी मी लिहिलं: ‘बकरी ईद ७ जूनला, शुक्रवारी आहे. सोसायटीच्या आवारात कुर्बानी होणार नाही. ज्यांची कुर्बानी आहे ते देवनारला जाणार आहेत. काही शंका असेल तर मला फोन करा.’

मेसेज गेल्यावर लक्षात आलं की ७ जूनला शुक्रवार नाही, शनिवार आहे. चार मिनिटांनी मी मेसेज दाबून धरला, ‘शुक्रवारी’चं ‘शनिवारी’ केलं आणि झोपून गेलो. बदललेला शब्द एकच.

दोन दिवसांनी मीटिंग होती, विषय पाण्याच्या टाकीचा. शेवटी एक ज्येष्ठ सदस्य उठले. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो. ते म्हणाले, ‘याने आधी लिहिलं होतं की कुर्बानी आवारातच होणार. लोकांनी फोन केल्यावर मेसेज बदलला. बघा ना, खाली एडिटेड लिहिलंय.’ सगळ्यांनी फोन काढले. सगळ्यांच्या फोनवर माझा मेसेज होता, वेळ ९:१२ आणि त्याच्या बाजूला `Edited`. काकांच्या म्हणण्याला फोनच साक्ष देत होता, आणि माझ्या म्हणण्याला काहीच नव्हतं.

मी म्हणालो, थांबा, मूळ मेसेज दाखवतो. मग मी माझाच मेसेज दाबून पाहिला, `Info` उघडून पाहिलं, लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप उघडलं. कुठेच जुना मजकूर नव्हता. घरी येऊन ग्रुपचा सगळा संवाद एक्स्पोर्ट करून पाहिला. त्या टेक्स्ट फाइलमध्येही ‘शनिवारी’वाला नवा मजकूर होता आणि त्याच्या शेवटी एवढंच:

```
<This message was edited>
```

म्हणजे मेसेज बदलला गेला हे व्हॉट्सॲप सर्वांना सांगतं. कशावरून कशावर बदलला, किती वेळा बदलला आणि नेमका केव्हा बदलला, हे कुणालाच सांगत नाही. ज्याने लिहिलं त्यालासुद्धा नाही.

असं का होतं ते समजून घेऊ. व्हॉट्सॲपने एडिटची सोय मे २०२३मध्ये आणली. पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो. आपण बदल करतो तेव्हा आपल्या फोनवरून खरं तर दुसरा एक मेसेज निघतो. त्यात नवा मजकूर असतो आणि सोबत सूचना असते की अमुक क्रमांकाच्या जुन्या मेसेजच्या जागी हा ठेव. समोरच्याचा फोन ती सूचना पाळतो, जुन्या मजकुरावर नवा चढवतो आणि `Edited` असं लिहितो. वेळ मात्र जुनीच राहते, म्हणून ९:१६ला झालेला बदल ९:१२चा वाटतो. बदल झाल्याची वेगळी नोटिफिकेशन येत नाही. ज्याने पहिला मजकूर वाचून फोन खिशात टाकला, त्याला बदल झाल्याचं कळतही नाही.

‘कंपनीकडे तरी असेल ना?’ असं मला मीटिंगमध्येच एकाने विचारलं. नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज एन्ड टू एन्ड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे वाटेत कंपनीला ते वाचता येत नाहीत आणि पोहोचल्यावर ते सर्व्हरवरून काढले जातात. त्यामुळे मूळ मजकूर कंपनीकडे मागून मिळत नाही. तो शिल्लक असलाच तर माणसांच्या फोनमध्येच असतो. फोनच्या डेटाबेसमध्ये पुसलेल्या मजकुराचे अवशेष कधीकधी राहतात आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा ते शोधण्याचा प्रयत्न करू शकते. पण ते सापडतीलच याची हमी नाही, आणि सोसायटीच्या भांडणासाठी कुणी फोन कालिन्याच्या लॅबमध्ये पाठवत नाही.

माझं प्रकरण मिटलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळे. माझा मेसेज आल्या आल्या त्यांनी तो आपल्या मुलाला फॉरवर्ड केला होता. तो रात्रपाळीला होता आणि ईदला सुट्टी आहे का एवढंच त्यांना विचारायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवून फोन दाखवला. तिथे माझा पहिला मेसेज जसाच्या तसा होता, ‘शुक्रवारी’ या चुकीसकट. कारण फॉरवर्ड केलेला मेसेज ही स्वतंत्र प्रत असते. मी माझा मेसेज बदलला तरी ती प्रत बदलत नाही. त्याच दुसऱ्या वाक्यात स्पष्ट होतं: ‘आवारात कुर्बानी होणार नाही.’

पण या पुराव्याचीही मर्यादा बघा. फॉरवर्डवर मूळ लिहिणाऱ्याचं नाव येत नाही. तो माझाच मेसेज आहे हे फोन सांगत नव्हता, काकू सांगत होत्या. लोकांनी विश्वास ठेवला तो काकूंवर. काकांनीही नंतर मान्य केलं की त्यांनी दुसऱ्या कुठल्या ग्रुपवर तसं काहीतरी वाचलं होतं आणि `Edited` दिसल्यावर ते माझंच असणार असं त्यांना वाटलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांची आठवण चुकली होती आणि त्या एका शब्दाने चुकीच्या आठवणीवर शिक्का मारला होता. काकूंचा मुलगा त्या रात्री घरी असता तर तो फॉरवर्ड झालाच नसता, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्याबद्दल एक गोष्ट कायमची पक्की झाली असती.

आता हीच गोष्ट उलट्या बाजूने. माझा एक मित्र लग्नानंतर भाड्याने घर शोधत होता. दहिसर चेक नाक्यापासून बोरिवलीपर्यंतच्या घरांची माहिती येते अशा एका ग्रुपवर तो होता. एका संध्याकाळी एजंटने वन बीएचकेची जाहिरात टाकली, भाडं, डिपॉझिट आणि शेवटी ‘मुस्लिम फॅमिली नको’. मित्राने वाचलं आणि रागात लिहिलं, ‘असं उघड लिहायला काही वाटत नाही का?’ दोन मिनिटांत जाहिरातीतलं शेवटचं वाक्य बदललं. तिथे ‘फॅमिली पाहिजे, बॅचलर नको’ आलं. त्यानंतर ज्यांनी ग्रुप उघडला त्यांना एक साधी जाहिरात दिसली आणि तिच्याखाली माझ्या मित्राचा राग. लोक विचारायला लागले, ‘भाऊ, काय झालं? एवढं चिडायला काय लिहिलंय त्यात?’ एकाने तर लिहिलं की यांना सगळीकडे तेच दिसतं.

त्याने स्क्रीनशॉट काढला नव्हता. पण त्याच्या अँड्रॉइड फोनवर एक सोय आधीपासून चालू होती, `Notification history`. अँड्रॉइड ११पासून ती बहुतेक फोनमध्ये आहे, सेटिंग्जमध्ये `Notifications`च्या आत सापडते. चालू केली तर गेल्या २४ तासांत आलेल्या नोटिफिकेशन तिथे राहतात. तिथे त्या ग्रुपचं नाव, एजंटचं नाव आणि जाहिरातीचे मूळ शब्द होते. त्याने दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढला आणि ग्रुपच्या ॲडमिनला पाठवला. ॲडमिनने ग्रुपवर लिहिलं की जाहिरातीत जातधर्माची अट चालणार नाही. घर त्याला मिळालं नाही, पण निदान तो खोटा ठरला नाही.

इथेही नशिबाचा भाग मोठा होता. ही सोय चालू करण्याआधीचं काहीच तिथे मिळत नाही. ग्रुप म्यूट केलेला असेल तर नोटिफिकेशन येत नाही आणि नोंदही राहत नाही. मेसेज आला त्या क्षणी तोच ग्रुप पडद्यावर उघडा असेल तरीही नाही. मेसेज लांब असेल तर शेवटची वाक्यं कापली जातात, आणि अशा जाहिरातीत नको असलेली अट नेमकी शेवटीच असते. २४ तास उलटले की सगळं आपोआप जातं. आयफोनवर अशी नोंद ठेवायची सोयच नाही.

या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की माझं म्हणणं लक्षात येईल. मूळ मजकूर लपवल्याने फक्त लबाड माणसाचा फायदा होतो. एजंटला आपले शब्द मागे घ्यायचे होते आणि ते कधी लिहिलेच नव्हते असंही दाखवायचं होतं, ते त्याला जमलं. मला फक्त वार सुधारायचा होता आणि माझ्या पाठी संशय लागला. प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा दाखवायला जे हवं होतं, तेच व्हॉट्सॲपने पुसून टाकलं होतं. नुसतं `Edited` लिहिणं म्हणजे ‘इथे काहीतरी झालंय’ एवढं सांगून दार लावून घेणं. दारामागे काय झालं ते मग जो तो आपल्या मनाने ठरवतो, आणि आपल्या शहरात मुसलमान मुलाच्या मेसेजबद्दल लोक मनाने काय ठरवतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे असंच असायला हवं, असं काही नाही. सिग्नल या ॲपवर मेसेज २४ तासांपर्यंत, जास्तीत जास्त १० वेळा बदलता येतो, आणि `Edited` या शब्दावर बोट ठेवलं की आधीचे सगळे मजकूर दिसतात, पाठवणाऱ्यालाही आणि ज्यांना मिळाला त्यांनाही. ॲपलच्या आयमेसेजमध्ये २०२२पासून हेच आहे. तिथे १५ मिनिटांत ५ वेळा बदल करता येतो आणि जुना मजकूर बघता येतो. टेलिग्रामवर सामान्य सदस्याला जुना मजकूर दिसत नाही, पण मोठ्या ग्रुपच्या ॲडमिनला `Recent actions` या यादीत गेल्या ४८ तासांतले बदल आधीच्या मजकुरासह दिसतात. सिग्नलही व्हॉट्सॲपसारखंच एन्क्रिप्टेड आहे. म्हणजे गुप्तता राखायची तर इतिहास दाखवता येत नाही, हे कारण चालत नाही. जुना मजकूर समोरच्याच्या फोनवर आधीच पोहोचलेला असतो, तो तिथे ठेवायचा की पुसायचा एवढाच प्रश्न आहे. व्हॉट्सॲपने पुसायचं ठरवलं आहे.

मित्रांशी यावर वाद घातला तेव्हा एक आक्षेप हटकून आला, आणि तो हलका नाही. चूक सुधारायचा हक्क माणसाला नको का? कुणी घाईत बहिणीचा नंबर चुकीच्या ग्रुपवर टाकला, कुणी रागात एक वाईट शब्द लिहिला आणि लगेच शरमून बदलला. त्याची ती चूक सगळ्यांनी कायमची बघत राहायची का?

माझं उत्तर असं की त्यासाठी वेगळी सोय आधीपासून आहे, ‘सर्वांसाठी डिलीट’. ती दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ वापरता येते. ती वापरली की मेसेजच्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला’ एवढंच राहतं. त्यात फसवणूक नाही. इथे काहीतरी होतं, आता नाही, एवढं कळतं, आणि नंतर येणारा कुणी नवे शब्द जुने समजून वाचत नाही. एडिटमध्ये नेमकं तेच होतं. नवे शब्द जुन्या वेळेवर बसतात आणि आधी आलेली उत्तरं नव्या शब्दांची उत्तरं होऊन जातात. माझ्या मित्राच्या रागाचं तेच झालं. म्हणून ज्याला शब्द मागे घ्यायचे आहेत त्याने डिलीट करावं, तो त्याचा हक्क आहे. ज्याला सुधारायचे आहेत त्याने सुधारावेत, पण आधीचे शब्द ज्यांना मिळाले होते त्यांना ते बघता यावेत. ते त्यांना मिळालेलेच होते, आपण त्यांना नवीन काही देत नाही.

दुसरा आक्षेप असा की स्क्रीनशॉट काढला की झालं, इतिहास कशाला हवा? पण स्क्रीनशॉट बनवता येतो. मेसेजवर `Edited` असेल आणि कुणी खोटा स्क्रीनशॉट घेऊन आला, तर तो खोटा आहे हे लिहिणारा कशाने दाखवणार? ॲपमध्येच खरा इतिहास दिसत असता तर खोट्या स्क्रीनशॉटला किंमत उरली नसती.

हे सगळं सोसायटीच्या भांडणापुरतं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात एका कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांच्यावर व्हॉट्सॲप स्टेटसमुळे हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला होता. ऑगस्ट २०२२मध्ये त्यांनी ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं लिहिलं होतं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयाने काय केलं? ते शब्द समोर ठेवले, एकेक वाचले आणि विचारलं की समंजस माणूस हे वाचून काय समजेल. सरकारच्या निर्णयावर टीका करणं हा हक्क आहे आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना शुभेच्छा देणं म्हणजे वैर पसरवणं नाही, असा निर्णय झाला. त्यांना वाचवलं ते त्यांच्या नेमक्या शब्दांनी. शब्द हाती नसते, फक्त ‘त्याने काहीतरी भडकाऊ लिहिलं होतं आणि मग बदललं’ असं सांगणारे चार लोक असते, तर न्यायालयाने काय वाचलं असतं? मूळ मजकूर टिकणं ही आरोप करणाऱ्यापेक्षा आरोप होणाऱ्याची जास्त गरज असते.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलंच तर एक गोष्ट माहीत असू द्या. मोबाइलमधल्या मजकुराची छापील प्रत किंवा स्क्रीनशॉट नुसता देऊन भागत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा असतो, दुसरा तज्ज्ञाने. जुन्या कायद्यातही अशी अट होती, आणि जालना विधानसभा निवडणुकीच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सक्तीची असल्याचं स्पष्ट केलं. त्या निकालात एक सवलतही आहे. ज्या फोनवर मूळ नोंद आहे तो फोनच त्याच्या मालकाने कोर्टात हजर केला तर प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणून ज्या फोनवर मूळ शब्द दिसतात तो फोन विकू नका, रिसेट करू नका.

मग व्हॉट्सॲप बदलेपर्यंत आपण काय करायचं? कुणी बोचरं, भेदभाव करणारं किंवा धमकीचं लिहिलं तर उत्तर द्यायच्या आधी स्क्रीनशॉट काढा. त्यात ग्रुपचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसू द्या. मग तो मेसेज स्वतःलाच किंवा घरच्या कुणाला फॉरवर्ड करा. आणि उत्तर देताना त्याचे शब्द आपल्या उत्तरात स्वतः लिहा: ‘तुम्ही “मुस्लिम फॅमिली नको” असं लिहिलंय, ते का?’ माझ्या मित्राने एवढं केलं असतं तर लोकांनी त्याला ‘काय झालं?’ असं विचारलं नसतं. हे सगळं बदल होण्याआधी करायचं आहे. १५ मिनिटं समोरच्याच्या हातात असतात आणि बदल झाल्यावर हळहळण्याशिवाय काही उरत नाही.

‘एडिट आणि डिलीट केलेले मेसेज परत दाखवतो’ म्हणणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. ती जादू नसते. ती आलेल्या नोटिफिकेशन वाचून साठवतात, म्हणजे तुमच्या बँकेचे ओटीपीही वाचू शकतात. जीबी व्हॉट्सॲपसारखी बनावट ॲप वापरली तर व्हॉट्सॲप तुमचं खातंही बंद करू शकतं. फोनमधली `Notification history` फुकट आहे आणि बाहेर काही पाठवत नाही, ती आजच चालू करून ठेवा.

आणि आपणच लिहिणारे असू तेव्हा? मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. मित्राला लिहिताना वेलांटी चुकली तर खुशाल एडिट करतो. पण ग्रुपवर सूचना असेल, पैशाचा, तारखेचा किंवा धर्माचा विषय असेल, तर जुन्या मेसेजला हात लावत नाही. त्याच्या खाली नवा मेसेज लिहितो. या वर्षी ईदच्या वेळी ग्रुपवर सूचना मीच लिहिली आणि त्यातही नमाजची वेळ चुकलीच. मी खाली लिहिलं, ‘दुरुस्ती: वर साडेसात लिहिलं आहे, ते सात वाचावं. चूक माझी.’ काकांनी त्यावर अंगठा दिला.